गाळा सोडताय? सोडचिठ्ठी अशी द्या की "मले पत्रच नाही भेटलं" म्हणता येणार नाही

दारव्ह्यात माझं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि फोटो काढून देण्याचं छोटं दुकान आहे. आत्ताचा गाळा तिसरा. पहिला गाळा सोडला तेव्हा मालकांना महिनाभर आधी तोंडी सांगितलं होतं, तेही चहा पिता पिता, चार माणसांसमोर. त्यांनी मान डोलावली. किल्ली द्यायला गेलो तर म्हणाले, "तू कवा सांगितलं? आजच तर सांगून रायला." डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं कापून घेतलं. त्या चार माणसांपैकी दोघं मालकांचेच नातेवाईक होते आणि बाकीच्या दोघांना काहीच आठवत नव्हतं.

दुसरा गाळा सोडताना मात्र मी कागद नीट केले. त्याचीच ही हकीकत आहे, आणि त्यातून तुमच्या कामाचं जेवढं आहे ते क्रमाने सांगतो. उदाहरण भाड्याच्या गाळ्याचं आहे. घर भाड्याने असेल तरी हीच वाट.

१. आधी करारनामा काढा आणि तीनच गोष्टी शोधा

करारनामा कपाटात कुठेतरी असतो. तो काढा आणि शेवटच्या दोन पानांवर नजर टाका, कारण सोडण्याची कलमं बहुतेक तिथेच असतात. शोधायचं हे: सूचना किती दिवस आधी द्यायची, कशाने द्यायची (लेखी, रजिस्टर पोस्टाने, ईमेलने), आणि कोणत्या पत्त्यावर द्यायची.

माझ्या करारात एक महिन्याची लेखी सूचना, "रजिस्टर पोस्टाने किंवा हातोहात पोच घेऊन" असं होतं. मालकांचा पत्ता त्यांच्या गावचा होता, दारव्ह्यापासून १४ किलोमीटर. शेवटी "संपर्कासाठी" म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचा ईमेलही छापलेला होता. करार करताना त्या ईमेलकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं. पुढे तो फार उपयोगी पडला.

किमान मुदतीचं, म्हणजे लॉक-इनचं, कलम असेल तर तेही याच वेळी बघून घ्या. ती मुदत संपायच्या आत सोडत असाल तर सूचना कितीही चोख दिली तरी त्या महिन्यांच्या भाड्याचा वाद उभा राहू शकतो.

लेखी करारच नसेल आणि महिन्याच्या महिन्याला भाडं देत असाल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १०६ बघावं लागतं. शेती किंवा कारखान्यासाठी नसलेली भाडेपट्टी महिन्याची धरली जाते आणि ती संपवायला १५ दिवसांची सूचना लागते. त्याच कलमात एक वाक्य आहे जे या सगळ्या लेखाचं मूळ आहे: सूचनेची मुदत मोजायची ती सूचना मिळाल्याच्या तारखेपासून. तुम्ही पत्र लिहिलं त्या तारखेपासून नाही आणि टाकलं त्या तारखेपासूनही नाही.

म्हणून खरा प्रश्न "मी पाठवलं का" हा नाही. "ते कोणत्या तारखेला पोचलं आणि मी ते कशावरून सांगू" हा आहे.

२. शेवटच्या तारखेपासून मागे मोजा, आणि दोन आठवडे हातचे ठेवा

मला ३१ मार्च २०२६ ला गाळा रिकामा करायचा होता. एक महिन्याची सूचना, म्हणजे पत्र २८ फेब्रुवारीच्या आत मालकांच्या हातात पडायला हवं. आपले लोक इथे चुकतात. २७ तारखेला पत्र लिहितात, २८ ला टाकतात, आणि "फेब्रुवारीतच दिलं ना" म्हणून मोकळे होतात. ते पत्र गावात ४ मार्चला पोचलं की सूचना ४ एप्रिलला संपते, आणि मालक एप्रिलचंही भाडं मागतो. तो चुकत नाही, बरं का.

खेड्यात पत्र जायला जास्त दिवस धरा. तालुक्याच्या उपडाकघरातून थैली निघते, ती गावच्या शाखा डाकघरात जाते, आणि तिथला ग्रामीण डाकसेवक आजूबाजूची दोन-तीन गावं एकटा करतो. त्यात घरचे सगळे हरभरा काढायला वावरात गेलेले असले की दाराला कुलूप. मी दहाच दिवस हातचे ठेवले होते. ते जेमतेम पुरले, आणि आणखी कमी ठेवले असते तर पुरले नसते.

३. पत्र लिहा: छोटं, कोरडं, तक्रारीविना

स्टँप पेपर लागत नाही. साधा ए-फोर कागद चालतो. छप्पर गळतं, मीटरचं बिल जास्त येतं, मागच्या दिवाळीला तुम्ही असं बोललात, हे काही त्यात घालू नका. त्यासाठी वेगळं पत्र लिहा. या पत्राचं काम एकच आहे, सोडत असल्याचं सांगणं. माझं पत्र असं होतं:

> दिनांक: १८ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति, (मालकाचं पूर्ण नाव, करारात आहे तसंच), (करारातला पत्ता, पिनकोडसह)
>
> विषय: गाळा क्र. ४ चा दिनांक (करार तारीख) रोजीचा करार संपवण्याबाबत एक महिन्याची लेखी सूचना.
>
> वरील कराराच्या कलम ९ नुसार मी आपणांस कळवतो की, सदर गाळा मी सोडत आहे. हे पत्र आपणांस मिळाल्यापासून एक महिना किंवा ३१ मार्च २०२६, यांपैकी जी तारीख नंतरची असेल, त्या दिवशी करार संपेल. त्या दिवशी सकाळी ११ वाजता गाळ्याचा रिकामा ताबा व किल्ल्या देण्यास मी गाळ्यावर हजर राहीन.
>
> माझे ४०,००० रुपयांचे डिपॉझिट त्या दिवशी परत मिळावे.
>
> हेच पत्र पोस्टाने, हातोहात आणि ईमेलने अशा तीन प्रकारे पाठवत आहे.
>
> (सही, पूर्ण नाव, मोबाईल, पत्ता)

"जी तारीख नंतरची असेल" हे शब्द मुद्दाम घातले. पोस्टात उशीर झाला तर मालकाने "सूचना अपुरी, म्हणून रद्द" असं म्हणायला नको. उशीर झालाच तर तारीख आपोआप पुढे सरकते, पत्र मात्र वाया जात नाही.

"तीन प्रकारे पाठवत आहे" ही शेवटची ओळही शोभेची नाही. पोस्टाची पावती सांगते की लिफाफा गेला. लिफाफ्यात काय होतं ते पावती सांगत नाही. "लिफाफ्यात कोरा कागद होता" हे म्हणणारे महाभाग आहेत. तोच मजकूर त्याच आठवड्यात ईमेलनेही गेला असेल तर असं म्हणणं अवघड जातं.

पत्राच्या तीन प्रती काढा आणि तिन्हींवर निळ्या पेनाने स्वतः सही करा. झेरॉक्सवरची काळी सही ओरिजिनल की नक्कल, हा वाद नको.

४. हातोहात द्या आणि ओसीवर पोच घ्या

ओसी म्हणजे आपल्याकडे राहणारी प्रत. तहसीलमध्ये अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतो ना, अगदी तसंच. मालकाला एक प्रत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घ्यायची. पोहोच मिळवण्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्का प्रकार हाच. पण सगळ्यात जास्त लाज वाटते ती यातच.

१८ तारखेला बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या गावी गेलो. काकाजी ओसरीत बसले होते. पत्र वाचलं, घडी केली, खिशात घातलं.

मी म्हटलं, "काकाजी, या दुसऱ्या कागदावर एक सही द्या, मिळालं म्हणून."

"सही गिही काहून पाह्यजे? माह्यावर भरवसा नाही का?"

"भरवसा आहे जी. पण उद्या मीच विसरलो तर?"

"ठेव मंग. उद्या पोरगा फोन करन तवा त्याले विचारतो, मंग देतो सही."

सही मिळाली नाही. त्यांना वाटलं सही केली म्हणजे पत्रातलं सगळं कबूल, डिपॉझिटसकट. ही भीती खेड्यात सर्रास असते आणि ती चुकीची आहे असंही मी म्हणणार नाही, कारण कागदावर सही करून फसलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. माझी चूक ही की मी ओसीवर पोचेचा मजकूर आधी लिहून नेला नव्हता. तुम्ही खालच्या बाजूला आधीच टाईप करून न्या:

> वरील पत्राची एक प्रत मिळाली. ही सही फक्त प्रत मिळाल्याबद्दल आहे, मजकूर मान्य असल्याबद्दल नाही.
> सही: ........ नाव: ........ दिनांक: ........ वेळ: ........

ही दुसरी ओळ वाचून दाखवली की निम्मी माणसं सही करतात. तारीख त्यांच्याच हाताने लिहून घ्या. सही आहे पण तारीख नाही अशी पोच अर्धीच, कारण आपल्याला तारखेचीच तर गरज आहे. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही आणि त्याचं पूर्ण नाव घ्या. साक्षीदार मालकाच्या घरचा नको आणि तुमचा भाऊही नको. शेजारचा दुकानदार बरा.

मालक घरी नसेल तर? कलम १०६ मध्ये सूचना त्या माणसाच्या घरी, घरच्या माणसाजवळ किंवा नोकराजवळ दिली तरी चालते असं आहे. तेव्हा सून किंवा मुलगा सही करत असेल तर घ्या, पण नाव आणि नातं लिहून घ्या. रस्त्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवात भेटलेल्या पुतण्याला देऊ नका. आणि तुमच्या करारात "फक्त मालकाच्या सहीने" असं असेल तर करारातलं पाळा.

सही नाहीच मिळाली तर भांडू नका, कागद दारातून आत फेकून मोबाईलवर व्हिडिओ काढू नका. नमस्कार करून निघा आणि पोस्टात जा. घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ, कोण कोण होतं ते लिहून ठेवा, म्हणजे पुढे सांगताना गोंधळ होत नाही.

५. पोस्ट: "रजिस्टर" आता वेगळं राहिलेलं नाही

इथे नव्या माणसाची पहिली गडबड होते. करारात "रजिस्टर पोस्ट एडी" लिहिलेलं असतं, आणि काउंटरवर ते मागितलं की "ते बंद झालं" असं उत्तर येतं. ते खरं आहे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पण नोंदणीची सोय संपलेली नाही. ती आता स्पीड पोस्टवर जादा सेवा म्हणून मिळते, आणि ती मागावी लागते.

फरक महत्त्वाचा आहे. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर देतात, त्या घरातल्या कोणीही घेतलं तरी चालतं. नोंदणी केलेलं स्पीड पोस्ट ज्याच्या नावाने आहे त्याला, किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच देतात. मालक उद्या "माझ्या हातात नाही आलं" म्हणू नये यासाठी आपल्याला दुसरं हवं. तेव्हा काउंटरवर तीन शब्द म्हणा: "स्पीड पोस्ट, नोंदणीसह, पोचपावतीसह."

खर्च फार नाही. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतच्या लिफाफ्याला गावाबाहेर, २०० किलोमीटरच्या आत, ४७ रुपये आणि नोंदणीचे ५ रुपये, दोन्हींवर जीएसटी. पोचपावतीचे वेगळे. दोन कागद आणि लिफाफा ५० ग्रॅमच्या कितीतरी आत बसतात.

काउंटरवर ओटीपी घालून डिलिव्हरीची सोयही विचारतील. त्यात पत्र घेणाऱ्याने मोबाईलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय पत्र देत नाहीत. आधार किंवा एटीएम कार्डासाठी ते उत्तम आहे. पण ज्याला पत्र घ्यायचंच नाही अशा माणसाला ओटीपीवर पाठवणं म्हणजे त्याच्याच हातात किल्ली देणं. या कामासाठी घेऊ नका.

आता पत्ता. खेड्यातला पत्ता शहरासारखा नसतो. घर क्रमांक, गल्ली असं काही नसतं, आणि गावाचं पोस्ट बरेचदा शेजारच्या गावात असतं. म्हणून असं लिहा: पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. गावात त्याच नावाचे तिघे असतात, तेव्हा वडिलांचं नाव सोडू नका. पत्ता करारात आहे तसाच ठेवा. मालक आता दुसरीकडे राहतो हे माहीत असेल तर दोन लिफाफे करा, एक करारातल्या पत्त्यावर आणि एक नव्या पत्त्यावर.

१९ फेब्रुवारीला शिवजयंती, गावात मिरवणूक, म्हणून मी २० ला शुक्रवारी गेलो. पावती हातात आली आणि मी खिडकी सोडायच्या आत ती वाचली. पिनकोडचा शेवटचा आकडा चुकलेला होता! लिफाफ्यावर बरोबर, संगणकात चूक. बाईंनी लगेच दुरुस्त करून दुसरी पावती दिली. घरी येऊन बघितलं असतं तर लिफाफा भलत्याच थैलीत गेला असता. तेव्हा खिडकीपाशीच चार गोष्टी वाचा: घेणाऱ्याचं नाव, पिनकोड, तारीख, आणि नोंदणीचे पैसे लागलेत का. नोंदणीचा आकार पावतीवर दिसत नसेल तर तुमचं पत्र साधं स्पीड पोस्ट म्हणूनच गेलंय.

पावतीवर १३ अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. सुरुवातीला दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी `IN`. तो वहीत लिहा आणि पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ती पावती बरेचदा थर्मल कागदावर छापलेली असते. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलेली माझी एक जुनी पावती जूनपर्यंत कोरी झाली होती.

६. ट्रॅकिंग बघा, आणि लिफाफा परत आला तर फोडू नका

`indiapost.gov.in` वर क्रमांक टाकला की पत्र कुठवर गेलं ते दिसतं. माझं पत्र सोमवारी, २३ तारखेला, शाखा डाकघरात पोचलं. त्या दिवशी दार बंद. दुसऱ्या दिवशीही दार बंद. २६ ला, गुरुवारी, काकाजींच्या हातात पडलं. म्हणजे सूचनेचा महिना २६ मार्चला भरत होता आणि माझी ३१ मार्च सुखरूप होती. पोस्टात टाकल्यापासून सहा दिवस लागले, फक्त १४ किलोमीटरला.

"डिलिव्हरी झाली" असं दिसलं की त्याच दिवशी त्या पानाची प्रिंट काढा. ही नोंद तिथे कायम राहत नाही. सहीची पोचपावती परत येईल, पण तिची वाट बघत बसू नका. आठ-पंधरा दिवसांत नाही आली तर पावतीची झेरॉक्स जोडून पोस्टमास्तरांकडे लेखी अर्ज द्या, आणि कोणाला, कधी पत्र दिलं याची माहिती मागा. त्या अर्जाचीही ओसी घ्या, आता तर सवय झाली असेल.

लिफाफा परत आला तर त्यावर डाकसेवकाने काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून आहे.

"घेण्यास नकार" असा शेरा असेल तर बिनधास्त राहा. सर्वसाधारण कलमे अधिनियम १८९७ च्या कलम २७ प्रमाणे पत्ता बरोबर लिहून, पैसे भरून रजिस्टर पोस्टाने टाकलेलं पत्र पोचलं असं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नाही पोचलं हे दाखवण्याचं ओझं मग त्याच्यावर. सूचना चिठ्ठी दिली तरी घेतलं नाही, असा शेरा असेल तरीही तुमची बाजू बरी असते, कारण पत्ता बरोबर होता.

पण "पत्ता अपूर्ण" किंवा "गाव सोडून गेले" असा शेरा असेल तर तो लिफाफा तुमच्या काही कामाचा नाही. नवा पत्ता शोधा, पुन्हा टाका, आणि मुदत पुन्हा नव्याने मोजा. हा धोका असतो म्हणूनच ते दोन आठवडे हातचे.

कोणताही शेरा असो, परत आलेला लिफाफा फोडू नका. आत तुमचंच पत्र आहे, तुम्हाला ते पाठ आहे. बंद लिफाफा, त्यावरचे शिक्के आणि शेरा हाच पुरावा आहे. फोडला की आत काय होतं हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आमच्याकडे एकाने फोडला, पत्र काढून घेतलं आणि लिफाफ्यात दुकानाची बिलं ठेवली.

कुरिअर नको का? कुरिअर गावापर्यंत येत नाही हा एक भाग झाला. दुसरा असा की कलम २७ रजिस्टर पोस्टाबद्दल बोलतं. जादा प्रत म्हणून पाठवा, पोस्टाऐवजी नको.

७. ईमेल: करारातल्या पत्त्यावर गेला तरच तो वजनदार

१८ तारखेला रात्री मी मुलाच्या ईमेलवर पत्र पाठवलं. सही केलेल्या पत्राची पीडीएफ जोडली आणि तोच मजकूर खाली टाईपही केला, कारण जोडलेली फाईल उघडलीच नाही असं म्हणता येतं. विषयाच्या ओळीत स्पष्ट लिहिलं: "गाळा क्र. ४, करार संपवण्याची एक महिन्याची सूचना, दि. १८-२-२०२६". शेवटी एक ओळ: "हा ईमेल मिळाल्याचं कृपया उत्तरी कळवा."

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १३ इथे बघण्यासारखं आहे. समोरच्याने ईमेलचा पत्ता ठरवून दिलेला असेल, तर त्या पत्त्याच्या खात्यात ईमेल शिरला त्या क्षणी तो मिळाला. त्याने वाचला की नाही हा प्रश्न नाही. पण पत्ता ठरवून दिलेला असताना दुसऱ्याच, कुठून तरी मिळवलेल्या पत्त्यावर पाठवलात, तर तो माणूस ईमेल उघडून घेईल तेव्हाच मिळाला असं धरतात. म्हणजे करारात छापलेला पत्ता आणि व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढचा करार करताना दोघांचे ईमेल त्यात घालूनच घ्या. माझ्या दुकानात करार टाईप करायला येणाऱ्यांना मी आता विचारल्याशिवाय सोडत नाही.

पाठवल्यावर पाच मिनिटं थांबा आणि इनबॉक्स बघा. पत्ता चुकला असेल तर `Mail Delivery Subsystem` नावाने उलटा ईमेल येतो, म्हणजे गेलाच नाही. तो न बघता "पाठवला" म्हणून बसलेले लोक मी पाहिलेत. साध्या जीमेल खात्यात "वाचल्याची पावती" मागण्याची सोय नसते, म्हणून उत्तर मागणं हाच उपाय. मुलाने तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "बघतो, बाबांशी बोलतो." एवढंच. पण मला तेवढंच हवं होतं, कारण हे उत्तर पत्र मिळाल्याशिवाय येऊ शकत नाही.

ईमेल खात्यातून पुसू नका. स्क्रीनशॉटवर भागवू नका. जीमेलमध्ये संगणकावर ईमेल उघडून तीन टिंबांवर जा, `Download message` दाबा आणि ती `.eml` फाईल पेनड्राइव्हवर ठेवा. त्यात पाठवण्याची वेळ आणि सर्व्हरच्या नोंदी असतात. प्रकरण कोर्टात गेलंच तर प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील तयार करून घेतील. त्यांना मूळ खातं आणि मूळ ईमेल लागतो.

व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो पाठवायला हरकत नाही. मीही पाठवला. पण त्यावर विसंबू नका. निळ्या टिकल्या बंद करता येतात, मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असली की काही दिवसांत सगळं गायब, आणि नंबर दुसऱ्याच्या नावावर निघाला तर आणखी नवी पंचाईत.

८. शेवटचा दिवस

३१ मार्चला किल्ली देताना पुन्हा ओसी. "गाळ्याचा रिकामा ताबा व दोन किल्ल्या मिळाल्या, वीजमीटरचं रीडिंग इतकं" असा दोन ओळींचा कागद, खाली सही आणि तारीख. मीटरचा आणि रिकाम्या गाळ्याचा फोटो काढा.

जवळ ठेवायच्या वस्तू

एकाच प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवा: करारनामा, पत्राची सही केलेली ओसी, पोस्टाची मूळ पावती आणि तिची झेरॉक्स, ट्रॅकिंगची प्रिंट, परत आलेली पोचपावती किंवा बंद लिफाफा, ईमेलची प्रिंट आणि पेनड्राइव्ह, भाडं दिल्याच्या पावत्या, ताब्याचा कागद.

त्या दिवशी काकाजी मुलाला घेऊन आले होते. म्हणाले, "पत्र तर उशिरा भेटलं, एप्रिलचं भाडं लागन." मी फाईल उघडून ट्रॅकिंगची प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली आणि २६ फेब्रुवारीवर बोट ठेवलं. काकाजींनी मुलाकडे पाहिलं. मुलाने प्रिंट वाचली, मग पोचपावतीवरची वडिलांची सही पाहिली, आणि खिशातून मोबाईल काढला. वीजबिलाचे आठशे वजा करून ३९,२०० रुपये तिथेच, गाळ्याच्या पायरीवर उभं राहून, माझ्या खात्यात टाकले. ताब्याच्या कागदावर सही मागितली तेव्हा काकाजी म्हणाले, "आण, करतो. तुह्याकडं कागदं लय असते बाप्पा."